आतेबहिणीचं लग्न ठरलं: अभिनंदन कसं करावं, आणि काय विचारू नये

इंदूरचं मराठी जग लहान आहे. सुदामा नगरात ठरलेलं लग्न संध्याकाळपर्यंत लोकमान्य नगरात पोचतं, आणि कुणी राहिलंच असेल तर त्याला ते सानंद या संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात कळतं. अभिनंदनात होणारे निम्मे घोटाळे यामुळेच होतात. बातमी आपल्यापर्यंत आली म्हणजे ती आपल्याला सांगितली, असं आपण धरून चालतो. म्हणून मेसेज टाइप करायच्या आधी एवढंच आठवा, की हे मला कुणी सांगितलं?

बहिणीनं स्वतः सांगितलं असेल तर लगेच अभिनंदन करा. आत्यानं किंवा काकांनी सांगितलं असेल तर आधी त्यांचं फोनवरच करा आणि विचारून घ्या, "तिला मी मेसेज करू, की ती सांगेल तेव्हा बोलू?" या सगळ्या प्रकरणात हा प्रश्न बिनधास्त विचारण्यासारखा आहे, कारण उत्तरावर तुमचं वागणं ठरणार आहे. "अजून कुणाला सांगू नको गं" असं आत्या म्हणाली असेल तर त्यात तुमची आईही आली. आत्या तिला स्वतः सांगेल.

तिसऱ्याच कुणाकडून कळलं असेल, म्हणजे शेजारच्या काकूंकडून किंवा भजनी मंडळातून, तर थांबा. बैठक होऊन होकार आलेला असतो, पण कुंकू लावायचं बाकी असतं. या मधल्या दिवसांत ठरलेलं मोडतंही, आणि मोडल्यावर ज्यांनी ज्यांनी अभिनंदन केलेलं असतं त्या प्रत्येकाला घरच्यांना तोंड द्यावं लागतं. सांगणाऱ्याला "हो का? छान. आत्याचा फोन आला की बोलेन" एवढं पुरे. आत्याला मात्र फोन करून "मला अमक्यांकडून कळलं" असं म्हणू नका. ते अभिनंदन राहत नाही, तक्रार होते.

आता एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. आतेबहिणीला मीनल म्हणू आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याला अंकित. दोन्ही नावं लेखापुरती. मीनल एकतीस वर्षांची, इंदूरचीच. अंकितचं घर उज्जैनचं, बोली हिंदी. त्यांचं कसं जमलं, ओळख आधीची की स्थळ आलं, हे आपल्याला माहीत नाही. ते माहीत नसतानाही अभिनंदन पुरेपूर करता येतं, आणि तसंच ते करायचं आहे.

पहिला मेसेज, फक्त तिला

आपल्याकडे असा मेसेज साधारण कसा जातो, ते आधी पाहू. लिहिणारी माया करणारी आहे, हेही लक्षात असू द्या.

"अगं मीनल, काँग्रॅट्स!!! शेवटी एकदाचं जमलं तर! आत्या-काका सुटले बिचारे. उज्जैनचा आहे नं? काय करतो? लव्ह का अरेंज? फोटो पाठव नं! तारीख कधीची? नोकरी चालू ठेवणार नं? खूप खूप शुभेच्छा!"

यात पाच प्रश्न आहेत, एक मागणी आहे आणि दोन टोमणे आहेत. टोमणे लिहिणारीच्या मनात नसतील, पण वाचणारीला ते लागतात. "शेवटी एकदाचं" म्हटलं की आधीची सगळी वर्षं, आलेली आणि न जमलेली सगळी स्थळं एका फटक्यात टेबलावर येतात. "आत्या-काका सुटले" म्हटलं की मीनल त्यांच्या गळ्यातलं लोढणं होती, असा अर्थ निघतो. शुभेच्छा आल्यात शेवटी, सगळी चौकशी आटोपल्यावर, पावती फाडल्यासारख्या.

प्रश्नांचंही तसंच. "लव्ह का अरेंज" हे मजेत विचारलं जातं, पण मीनलनं घरी ते कसं सांगितलंय हे आपल्याला ठाऊक नसतं. काही घरांत ओळख आधीची असली तरी आजीला "स्थळ सांगून आलं" असं सांगितलेलं असतं. आपण विचारलं की तिला दोनांतलं एक करावं लागतं, खोटं सांगायचं किंवा आपल्याला आजीपासूनच्या गुपितात ओढायचं. "नोकरी चालू ठेवणार नं" यातला शेवटचा "नं" तर उत्तरही सांगून टाकतो. ती ठेवणार नसेल तर तिनं आता आपल्याला समजावत बसायचं.

आता हाच मेसेज नीट लिहू.

"मीनल, आत्ताच आत्याचा फोन आला. तुझं आणि अंकितचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. तुम्हा दोघांचं मनापासून अभिनंदन. आत्या-काकांशी बोलतेच आहे, पण अंकितच्या घरच्यांनाही माझा नमस्कार आणि शुभेच्छा सांग. आपल्याकडचा खजरान्याचा आणि त्यांच्याकडचा चिंतामण, दोन्ही गणपती पुढचं सगळं निर्विघ्न पार पाडोत. तू गडबडीत असशील, उत्तर नाही दिलंस तरी चालेल. – ताई"

पहिल्याच वाक्यात बातमी कुठून कळली ते आलं. त्यामुळे ताईला किती माहीत आहे याचा अंदाज मीनलला बांधावा लागत नाही. आत्यानं फोनवर जेवढं सांगितलं तेवढं. दुसऱ्या वाक्यात दोघांची नावं आहेत. अंकितचं नाव नक्की माहीत नसेल तर "तुम्हा दोघांचं" एवढ्यावर भागवा. अंकितचं अनिकेत झालं तर ती बरीच वर्षं ऐकवेल, आणि तिचं बरोबर असेल.

गणपतीचं वाक्य मला मुद्दाम हवं होतं. इंदुरात लग्नाची पहिली पत्रिका खजरान्याच्या गणपतीला ठेवायची रीत आहे, आणि उज्जैनची मंडळी शुभकार्याच्या आधी चिंतामण गणेशाला जातात. दोन्ही घरांचं दैवत एकाच वाक्यात आलं की "दोन्ही कुटुंबांना शुभेच्छा" हे छापील वाक्य लिहायची गरज उरत नाही. मुलगा ग्वाल्हेरचा किंवा बडोद्याचा असेल तर तिथलं त्यांच्या घरचं दैवत माहीत असल्याशिवाय घालू नका. अंदाजानं देव निवडायचा नसतो. "दोन्हीकडच्या घरात आनंद राहो" हेही चांगलंच वाक्य आहे. देवाधर्माचं वावडं असलेल्या बहिणीलाही तेच लिहा.

शेवटचं वाक्य बऱ्याच जणांना कोरडं वाटतं. पण लग्न ठरल्याच्या दिवशी मुलीच्या फोनवर किती मेसेज येतात ते एकदा आठवून पाहा. प्रश्न असलेल्या मेसेजला उत्तर द्यावं लागतं, आणि "काय करतो?" हे त्या दिवशी वीस जणांनी विचारलेलं असतं. आपला मेसेज वाचून तिनं नुसता फोन खाली ठेवला तरी चालेल, अशी सोय त्यात हवी.

बहीण मोठी असेल तर सुरुवात "ताई" आणि शेवटी आपलं नाव, बाकी मजकूर तोच. मामेभाऊ किंवा चुलतभाऊ असेल तरी तोच. मुलांना चौकशा कमी होतात असं नाही, त्या वेगळ्या असतात: घर घेतलं का, ती जॉब करते का, आई-वडील बरोबर राहणार का. त्याही टाळा. आणि "आता तुझी मजा संपली" हा विनोद होणाऱ्या बायकोनं वाचला तर तिला काय वाटेल, एवढा विचार करून मग ठरवा.

आत्या-काकांना फोन

आईवडिलांना मेसेज करू नका, फोनच करा. आमच्या पिढीतल्या अनेकांना हे आता जुनाट वाटतं, पण मुलीचं लग्न ठरलेल्या घरात त्या आठवड्यात कोणाकोणाचे फोन आले याची यादी मनात राहते. सकाळी अकराच्या सुमारास करा, स्वयंपाक उरकलेला असतो. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी करू नका.

सुरुवात दोघांना धरून: "आत्या, अभिनंदन! काकांनाही सांग, की त्यांना जवळ बोलाव, मी स्पीकरवर बोलते." आणि मग गप्प बसा. आत्या बोलेलच. आत्याला सांगायचं असतं, आणि तिला हवं तेवढंच ती सांगणार असते. तिनं सोडलेल्या जागा भरायला आपण प्रश्न टाकायचे नाहीत. संभाषण साधारण असं होतं:

"अगं, लोक फार चांगले आहेत. उज्जैनला मोठं घर आहे, दुकान पण आहे."

"वा, छान."

"पत्रिका बघितली, म्हणजे… बघितली. गुरुजी म्हणाले ठीक आहे."

"चांगलं झालं."

"फक्त आपल्यातले नाहीत, एवढंच. पण आता काय."

या शेवटच्या वाक्यावर बहुतेक जण घसरतात. एक तर विचारतात, "मग कोण?" किंवा धीर देतात, "हल्ली काही नसतं गं त्याचं, आमच्या शेजारच्यांच्या मुलीनं तर…" धीर दिला की आत्याच्या घरात काहीतरी वाईट घडलंय असं होतं. शेजारच्यांची मुलगी आली की तुलना आली. इथे एवढंच म्हणा: "मीनलचा मेसेज आला होता आत्या, खूश दिसली. मला ऐकून फार बरं वाटलं." (मेसेज आलेला असेल तरच.) आत्याला पुढे बोलायचं असेल तर ती बोलेल, नसेल तर तिला विषय बदलायला जागा मिळाली.

त्या "म्हणजे… बघितली" कडेही लक्ष द्या. तिथे आत्या अडखळली. किती गुण जमले हे विचारण्याचा मोह तिथेच होतो, आणि न विचारण्याचं कारणही तिथेच आहे. गुण जमले नसतील किंवा मंगळ निघाला असेल आणि तरी त्यांनी पुढे जायचं ठरवलं असेल, तर तो निर्णय झालेला आहे. आपण विचारून तो पुन्हा उघडायचा, आणि उद्या नाटकाच्या मध्यंतरात तो दुसऱ्या कुणाला आपल्याच तोंडून कळायचा, असं व्हायला नको.

काकांशी दोन वाक्यं बोला. पुरुष माणसं या फोनवर बहुधा "हो, हो, या तुम्ही सगळे" म्हणून आत्याकडे देतात, त्यावरून काही काढू नका. घरात मीनलच्या मागची बहीण किंवा भाऊ असेल आणि त्यानं फोन उचलला, तर त्याचंही अभिनंदन करा. त्याला "आता तुझा नंबर" सोडून काहीही म्हणा. आणि फोन दहा मिनिटांच्या आत संपवा. तुमच्यामागे आणखी कुणी वाट बघत असणार.

कुटुंबाच्या ग्रुपवर नंतर, आणि तेही मीनलनं किंवा तिच्या घरच्यांनी तिथे सांगितल्यावरच. "आत्या, काका, मीनल, तुम्हा सगळ्यांचं खूप अभिनंदन, अंकितचं आपल्या घरात स्वागत" एवढं पुरतं. लांबलचक मायेचा मेसेज तिथे टाकलात तर मीनलला तिथेच, पन्नास जणांसमोर, त्याला उत्तर द्यावं लागतं. ग्रुपवर आलेला दोघांचा फोटो आपल्या स्टेटसवर किंवा माहेरच्या दुसऱ्या ग्रुपवर टाकू नका. तिच्या ऑफिसात तिनं अजून सांगितलं नसेल.

अंकितच्या घरच्यांना

इथे घाई नको. तुमची ओळख करून दिलेली नसताना व्याह्यांना मेसेज करायचा नसतो. मीनलबरोबर पाठवलेला नमस्कार तोपर्यंत पुरतो. साखरपुड्यात भेट होईल, किंवा कुणीतरी दोन्ही घरांचा मिळून ग्रुप काढेल, तेव्हा लिहा. घर हिंदी बोलणारं आहे तर हिंदीतच लिहा. इंदुरी मराठी माणसाला ते काही जड नाही.

"सादर नमस्कार। मैं मीनल की ममेरी बहन। मीनल और अंकित की सगाई की आप सभी को हार्दिक बधाई। आप सबसे मिलने की बहुत इच्छा है। दोनों परिवारों में यह ख़ुशी यूँ ही बनी रहे।"

पाचच वाक्यं आहेत. आपण कोण, ते नात्यासकट आधी आलं, कारण समोरच्यांना इंदूरच्या एवढ्या बहिणी ओळखता येत नाहीत. अभिनंदन अंकितचं एकट्याचं न करता "आप सभी को" केलं. आणि दोन्ही घरं सारख्याच पातळीवर ठेवली.

ही पातळी सांभाळणं अवघड जातं. मुलीकडचे म्हणून आपण नकळत खाली वाकतो. "आमच्या मुलीला सांभाळून घ्या", "तिला स्वयंपाक फारसा येत नाही हं, शिकवा", "आता ती तुमचीच". ऐकायला गोड आहे सगळं. पण मीनल जवळ उभी राहून ऐकत असते, आणि तिच्याबद्दल दोन घरांत काहीतरी सोपवासोपवी चाललेली असते. उलट टोक म्हणजे "तुम्ही नशीबवान, अशी मुलगी मिळाली". त्यात त्यांच्या मुलाचं काही नाही. दोन्ही टाळायचं असेल तर वाक्यात दोघांची नावं बरोबर ठेवा.

आणखी एक वाक्य असतं, जे प्रश्नासारखं दिसत नाही: "हमारे यहाँ तो लेन-देन का रिवाज नहीं है।" बोलणाऱ्याला वाटतं आपण तत्त्व सांगितलं. समोरच्यांना वाटतं आपल्याला पडताळून पाहताहेत. ठरलेलं काय असेल ते आत्या-काका आणि व्याह्यांमध्ये आहे. खरोखर काही चुकीचं मागितलं जातंय अशी शंका असेल तर ते मीनलशी एकटीशी, शुभेच्छांपासून वेगळ्या वेळी बोला. अभिनंदनाच्या तोंडून काढू नका.

साखरपुड्याच्या दिवशी

मुलाकडच्या बायका मुलीला कुंकू लावतात, साडी देतात, ओटी भरतात, साखरेचा पुडा हातात देतात, मग अंगठ्या. उज्जैनकडच्यांचं टीका-शगुनाचं त्यांच्या रीतीनं आणखी काही असेल, ते काय चाललंय हे शेजारच्याला कुजबुजत विचारू नका, नुसतं बघा. हे सगळं उरकून दोघं उभी राहिली की मग जा. मागे रांग असते. दोघांकडे बघून "अभिनंदन, फार छान दिसताय दोघं", पाकीट द्या, आणि बाजूला व्हा.

विचारपूस तोंडानेच होते असं नाही. मीनलच्या जवळ जाऊन तिच्या साडीचा पदर दोन बोटांत धरून जरा चोळून पाहणं, तिचा हात उलटा करून अंगठीचा खडा दिव्याकडे वळवणं, मुलाकडून आलेल्या ताटांवर सावकाश नजर फिरवणं, हे सगळं "कितीचं आहे?" असंच विचारणं आहे. मुलाकडच्या बायका ते बघतात. त्यांच्याकडेही कुणीतरी हेच करत असतं म्हणा. "रंग फार खुलतोय तुला" हे पदर न धरता म्हणता येतं.

पाकिटात आपल्या घरच्या चालीप्रमाणे एकशे एक, पाचशे एक, जे असेल ते. वरचा रुपया विसरू नका, आणि पाकिटावर आपलं नाव गावासकट लिहा. रात्री आत्या आणि काकू वही घेऊन बसतात तेव्हा नाव नसलेलं पाकीट फार छळतं.

मग विचारायचं काय?

काहीच नाही, असं नव्हे. मी स्वतःला एवढंच विचारते, की या उत्तरानं मला काही करायचंय का. साखरपुडा किती वाजता, कुठल्या हॉलमध्ये, आईला पायऱ्या चढवत नाहीत तर लिफ्ट आहे का, हे खुशाल विचारा. उत्तर मिळालं की तुम्ही निघणार आहात. पगार, गुण, जात, वय, पहिल्या भेटीची गोष्ट, वेगळं राहणार की एकत्र, यांच्या उत्तरानं आपण काही करणार नाही, फक्त आपल्याला माहीत होणार.

लग्नाची तारीख यांच्या मधे पडते. तिकिटं काढायची असतात, रजा टाकायची असते. पण तरी प्रश्न करू नका, निरोप ठेवा: "तारीख ठरली की सांग, मी लगेच रजा टाकते." साखरपुडा आषाढात झाला असेल तर पुढे चातुर्मास लागतो, आणि मराठी घरांत लग्नाचे मुहूर्त तुळशीच्या लग्नानंतरच बघतात. हिंदी घरांत देवउठनी एकादशीचा हिशेब असतो, म्हणजे जवळपास तेच दिवस. मधे दोन्हीकडचे गुरुजी, हॉलची उपलब्धता, कुणाची परीक्षा. तारीख नसणं म्हणजे काही बिनसलंय असं नसतं, आणि "अजून ठरली नाही?" हे वाक्य प्रत्येक वेळी तसंच ऐकू येतं.

मीनलच्या उत्तरावरून तुम्हाला पुढचं कळेल. "थँक्यू ताई" आणि हात जोडलेला इमोजी आला तर तिथेच थांबा. त्यात राग नसतो, वेळ नसतो. चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला, त्यात अंकित पहिल्यांदा घरी आला तेव्हा पोह्यांवर किती शेव घालून बसला ही गोष्ट असली, तर तिला बोलायचंय. मग तिनं सांगितलेल्याच गोष्टीवर बोला. शेवेवरून हसा. शेवेवरून त्याच्या दुकानाकडे जाऊ नका.

आणि प्रश्न जाऊनच बसला असेल तर? व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत बदलता येतो. तिनं वाचला नसेल तर प्रश्न काढून टाका. बदलल्याची खूण दिसते, पण ती टायपिंगची चूक सुधारल्यासारखी वाटते. सगळा मेसेज पुसू नका, कारण पुसल्याची ओळ मागे राहते आणि काय लिहिलं होतं याची चिंता तिला लागते. वाचलेला असेल तर एकच ओळ: "ते जाऊ दे गं, निवांत भेटू तेव्हा बोलू." सॉरीचा पाढा लावलात तर तीच तुमची समजूत काढत बसेल.

जिथे हा नमुना चालत नाही

एखाद्या घरात लग्न दोघांनी ठरवलेलं असतं आणि एका बाजूचे, कधी दोन्ही बाजूचे, अजून राजी नसतात. हे बहुधा आपल्याला कळतं ते असं, की बहीण बातमी सांगते आणि आईबाबांचं नाव घेत नाही. तिथे "दोन्ही घरांना शुभेच्छा" हे वाक्य तिला दुखवेल. फक्त दोघांना लिहा, आत्याला फोन करू नका, आणि "घरचे तयार आहेत नं?" तर नकोच. "मी आहे, कधीही फोन कर" हे एक वाक्य जोडा, आणि तिनं खरंच केला तर उचला.

दुसरेपणाचं लग्न असेल, किंवा आधी एक साखरपुडा मोडलेला असेल, तर मेसेजात "या वेळी", "आता तरी", "नव्यानं" हे शब्द नाहीत ना, ते पाठवण्याआधी तपासा. पहिल्या लग्नाला लिहाल तसंच लिहा. मूल असेल तर त्याचं नाव शुभेच्छांत घालायचं की नाही हे बहिणीच्या मेसेजवरून ठरवा. तिनं घातलं असेल तर तुम्हीही घाला.

काका हयात नसतील तर "आज काका हवे होते" हे प्रत्येकाच्या मनात येतं. मनात राहू द्या. आत्यानं काढलं तर तिच्याबरोबर आठवण काढा.

पुढचं पाऊल: केळवण

अभिनंदन झालं की मग केळवणाचं बोलवा. लग्नाआधी नातेवाइकांनी मुलीला जेवायला बोलवायची आपली रीत आहेच, आणि हिंदी घरच्या जावयाला ती बहुधा नवी असते, त्यामुळे बोलावताना अंकितसाठी एक वाक्य वेगळं घाला: "हमारे यहाँ शादी से पहले लड़की को और होने वाले दामाद को घर बुलाकर खाना खिलाते हैं, आप दोनों को आना है।" मीनलला मात्र दिवस विचारू नका, दिवस द्या. "महिनाभरातला कुठलाही रविवार, आदल्या गुरुवारपर्यंत सांग" असं. नेमक्या दिवसाचं आमंत्रण तिला नाकारावं लागतं, मोकळ्या आमंत्रणात ती सोय बघते.

आत्या-काकांनाही बोलवा, पण व्याह्यांना पहिल्या केळवणाला बोलवावं का, हे आत्याला विचारून. काही घरांना अजून तेवढी जवळीक नको असते. आणि ताटात काय हवं नको, लसूण-कांदा चालतो का, कुणाचा उपास कधी असतो, हे मीनलला आधी विचारून ठेवा. उज्जैनच्या घरी लसूण वर्ज्य असेल तर मसालेभाताचा वाटण वेगळा करावा लागेल, आणि तो सकाळीच करायचा असतो.